टेक-ऑफला एक गाणं, हादऱ्यांना दुसरं, उतरताना तिसरं

ताई, तीन आठवड्यांनी मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहे. अडीच तासांचा प्रवास, आणि सोबत कुणी नाही. लिफ्ट खाली जाताना माझ्या पोटात गोळा येतो, मग विमानाचं काय होणार या विचारानं आत्ताच झोप उडाली आहे. मुलानं फोनमध्ये तासभराचं ‘शांत संगीत’ भरून दिलं. काल रात्री अंधारात ते ऐकलं, तर धडधड कमी होण्याऐवजी वाढलीच. मला गाण्याची आवड आहे, जुनी गाणी तोंडपाठ आहेत, पण शिकलेली नाही. विमान सुटताना, हलताना आणि उतरायच्या आधी ताटकळताना मी नेमकं काय ऐकू?
— पहिल्यांदाच उडणारी

प्रिय मैत्रीण,

मुलानं प्रेमानं दिलेलं संगीत तुम्हाला लागू पडलं नाही, याचं कारण तुमच्या भित्रेपणात शोधू नका. शब्द नसलेलं, ठेका नसलेलं, लांबच लांब सूर असलेलं संगीत मनाला मोकळं सोडतं. मन आधीच शांत असेल तर ते सुखाचं असतं. घाबरलेल्या मनाला मात्र मोकळी जागा मिळाली की ते तिथे भीतीच भरतं. तुम्हाला धरायला काहीतरी हवं, आणि ते तुमच्याजवळ आहे: पाठ असलेले शब्द. मनात गाण्याची ओळ चालू असताना त्याच वेळी ‘आता काय होईल’ हे वाक्य पूर्ण करणं फार अवघड जातं, कारण दोन्ही गोष्टी डोक्यातली तीच जागा मागतात.

मी बरीच वर्षं विमानात केबिन क्रू म्हणून काम केलं आणि गाणंही शिकत राहिले. पहिल्यांदा उडणाऱ्यांना बघून माझं एक मत पक्कं झालं. गाणं ‘शांत’ आहे का, याच्या आधी त्या प्रसंगाचा वेळ कसा आहे ते बघावं. टेक-ऑफ किती वेळ चालणार ते जवळजवळ ठरलेलं असतं. हादरे केव्हा येतील आणि केव्हा थांबतील ते कुणी सांगू शकत नाही. उतरण्याआधीचा वेळ लांबतो आणि मध्येच वाढूही शकतो. म्हणून तिन्हींना एकच गाणं पुरत नाही.

टेक-ऑफपासून सुरुवात करू, कारण तुमच्या लिफ्टच्या गोळ्याचं उत्तर तिथेच आहे.

टेक-ऑफसाठी पाच-सहा मिनिटांचं, संथ पण ठेका स्पष्ट असलेलं, शब्द पाठ असलेलं एकच गाणं निवडा. ते दादऱ्यात असेल तर फार बरं. दादरा म्हणजे सहा मात्रांचा ताल, झोपाळ्यासारखा तीन-तीनमध्ये झुलणारा. ताल ओळखता येत नसेल तरी हरकत नाही: गाणं लावून मांडीवर टिचकी द्या आणि मनात एक-दोन-तीन, चार-पाच-सहा मोजा. ओळ दर वेळी ‘एक’वर आपसूक येऊन बसली तर दादरा आहे असं समजा. आता घड्याळ लावून पंधरा सेकंदांत किती टिचक्या होतात ते बघा. साधारण १८ झाल्या तर मिनिटाला ७२ मात्रा झाल्या, आणि आपल्याला तीच लय हवी आहे. या लयीत सहा मात्रांचं एक आवर्तन पाच सेकंदांत पुरं होतं. एका आवर्तनात श्वास आत घ्यायचा, पुढच्या आवर्तनात बाहेर सोडायचा. म्हणजे दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. इतक्या संथ श्वासाला हृदयाची गतीही हळूहळू साथ देते. पाच सेकंद जड वाटले तर अर्ध्या आवर्तनात घ्या आणि पुढच्या पूर्ण आवर्तनात सोडा. मधलं उरलेलं अर्ध आवर्तन निवांत जाऊ द्या. श्वास ओढून छाती फुगवू नका. चक्कर आल्यासारखं वाटलं किंवा ओठांना मुंग्या आल्या तर श्वास जास्त खोल होतो आहे असं समजा. तेव्हा मोजणं सोडा आणि नुसतं गुणगुणा. गुणगुणताना श्वास आपोआप लांब आणि हळू बाहेर पडतो.

गाणं कधी लावायचं हे लावण्याइतकंच महत्त्वाचं. दार बंद झाल्यावर विमान कितीतरी वेळ जमिनीवरच सरकत असतं, कधी रांगेत थांबतं. तेव्हाच गाणं लावलं तर खरी वेळ येईपर्यंत ते संपून जातं. विमान धावपट्टीवर वळतं त्याच सुमारास केबिन क्रूला जागेवर बसण्याची सूचना होते. ती ऐकू आली की लावा.

पुढे काय घडेल ते ओळीओळीनं सांगते. मुखडा चालू असतानाच इंजिनांचा आवाज एकदम चढेल आणि पाठ खुर्चीला टेकेल. विमान साधारण अर्धा ते पाऊण मिनिट धावेल, खडखडेल, मग नाक वर होईल आणि खडखड थांबेल. काही सेकंदांत पायाखालून घर्र आणि धप्प असा आवाज येईल: चाकं आत गेली. त्यानंतर मिनिटभरातच, पहिला अंतरा चालू असताना, तो क्षण येईल ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. इंजिनांचा आवाज अचानक खाली येईल आणि पोटात लिफ्टसारखा गोळा येईल. विमान पडतंय असंच वाटेल. प्रत्यक्षात ते वरच जात असतं. जमिनीवरून उठायला लागलेला जास्तीचा जोर पायलटनं ठरल्याप्रमाणे कमी केलेला असतो, आणि चढण थोडी सौम्य होते. आपल्या कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव वेग आणि चढण यांतला बदल ओळखतो, पण चढण कमी झाली की खाली जाणं सुरू झालं, यांतला फरक त्याला नीट कळत नाही. डोळ्यांना बाहेरचं दिसत नसेल तर तो हमखास चुकीचा निरोप देतो.

म्हणून घरी सराव करताना पहिल्या अंतऱ्यात एक ओळ ठरवून ठेवा आणि तिच्यापाशी दर वेळी मनात म्हणा, ‘आता आवाज कमी होईल.’ आवाज नेमका त्याच ओळीवर येणार नाही, थोडा अलीकडे-पलीकडे येईल. पण तुम्ही त्याची वाट बघत असाल, आणि वाट बघितलेल्या आवाजानं माणूस तितका दचकत नाही. गाणं संपेपर्यंत विमान बरंच वर गेलेलं असेल आणि ज्याची तुम्हाला धास्ती आहे तो सगळा भाग मागे पडलेला असेल.

हे गाणं विमानात पहिल्यांदा ऐकायचं नाही. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. रोज एकदा, घरात निवांत बसलेल्या वेळी, त्याच इअरफोनवर, खुर्चीत पाठ टेकून ते ऐका आणि श्वासाची आवर्तनं धरा. काळजी वाटत असताना ते लावू नका, रात्री झोप येत नाही म्हणूनही नको. हे गाणं आणि सैल अंग यांची जोडी शरीराच्या आठवणीत बसवायची आहे, आणि घाबरलेल्या अवस्थेत पुन्हा पुन्हा ऐकलं तर नेमकी उलटी जोडी बसते. याच कारणानं गेलेल्या माणसाच्या आठवणीचं, निरोपाचं किंवा ऐकताच गळा दाटून येणारं गाणं टाळा. ते कितीही आवडतं असलं तरी टेक-ऑफला नको.

आता हादरे. इथे बहुतेकजण टेक-ऑफचंच संथ गाणं लावतात आणि फसतात. एक तर त्या वेळी छाती मिनिटाला शंभराच्या वर धडधडत असते, तिला एकदम ७२ च्या गाण्याशी जुळवून घेता येत नाही. संगीतोपचारात एक जुनं तत्त्व आहे: माणूस ज्या अवस्थेत आहे तिथूनच गाणं सुरू करावं आणि मग हळूहळू त्याला हव्या त्या अवस्थेकडे न्यावं. दुसरं म्हणजे संथ गाण्यात ठोक्यांमध्ये मोकळी जागा असते, आणि विमानाचा प्रत्येक धक्का नेमका त्या मोकळ्या जागेत ऐकू येतो. खेळता ठेका असलेलं, टाळ्यांचं, मिनिटाला ९० ते १०० मात्रांचं गाणं घ्या. त्यात दोन-चार धक्के मिसळून जातात. तेही पाठ असलेलंच हवं.

हादऱ्यांच्या गाण्याला शेवट नसावा. म्हणजे फोनमध्ये तेच एक गाणं पुन्हा पुन्हा वाजेल अशी सोय लावून ठेवा. हादरे दोन मिनिटांत थांबतील किंवा वीस मिनिटं येत-जात राहतील, आणि त्यात गाणं संपून शांतता झाली की मन लगेच विचारतं, ‘अजून का थांबत नाही?’ कडव्यामागून कडवं येत राहिलं तर तो प्रश्नच पडत नाही. या वेळी नुसतं ऐकू नका, गा. तोंड न उघडता गुणगुणा. इंजिनांच्या घरघरीत शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवा आणि टाच किंवा बोटं ठेक्यावर हलवत राहा. खुर्चीचे हात घट्ट पकडू नका, कारण ताठ धरलेल्या अंगाला प्रत्येक धक्का जास्त जाणवतो. पट्टा मात्र कमरेला आवळलेला हवा, पट्टा बांधा सांगणारा दिवा बंद असला तरी. हादऱ्यांमध्ये इजा होते ती बहुतेक वेळा पट्टा न बांधलेल्यांना.

तुम्हाला वाटेल विमान शेकडो फूट खाली कोसळलं. नेहमीच्या हादऱ्यांत उंचीतला फरक बहुतेक वेळा काही मीटरांचाच असतो. अंगाला तो कितीतरी पट मोठा वाटतो. खिडकीतून पंखाचं टोक वरखाली हलताना दिसेल. ते वाकण्यासाठीच बनवलेलं असतं, नाहीतर सगळा धक्का थेट विमानाच्या अंगावर आला असता.

हादरे थांबले की लगेच संगीत बंद करू नका. पाच मिनिटं थोडं संथ गाणं येऊ द्या, मग त्याहून संथ. शरीरातली धडधड प्रसंग सरल्यावरही काही वेळ रेंगाळते, आणि त्या वेळात शांतता मिळाली की माणूस पुढच्या धक्क्यासाठी कान टवकारून बसतो.

उतरण्याची वाट हा तिसरा भाग. बहुतेक विमानं उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी खाली यायला सुरुवात करतात. कुणी काही सांगण्याआधी तुम्हाला ते इंजिनांच्या आवाजावरून कळेल: तो इतका कमी होईल की आसपासची बोलणी ऐकू येऊ लागतील. हे टेक-ऑफनंतरच्या शांततेसारखंच आहे. विमान उंचावरून घसरत येतं, तेव्हा इंजिनांना फार जोर लावावा लागत नाही.

इथे छोटी गाणी लावू नयेत. प्रत्येक गाणं संपलं की डोळे घड्याळाकडे जातात, आणि घड्याळ या अर्ध्या तासात फार हळू चालतं. गोष्ट सांगणारं, खूप कडवी असलेलं गाणं घ्या किंवा मैफलीतलं वीस-पंचवीस मिनिटांचं सलग ध्वनिमुद्रण. तेही नसेल तर आठ-दहा ओळखीची गाणी मध्ये शांतता न ठेवता एकमेकांना जोडून वाजतील अशी यादी करा. गाणी वाजवणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये ती सोय असते. यादी वाटतं त्यापेक्षा जास्त, पाऊण तासाची तरी करा.

एवढी कशाला, तर विमानतळावर गर्दी असेल तेव्हा विमानांना हवेतच थांबवून ठेवतात. ते लंबगोल वाटेनं फिरत राहतं, आणि कमी उंचीवर अशी एक फेरी साधारण चार मिनिटांची असते. विमान त्याच बाजूला पुन्हा पुन्हा कलतंय, ऊन या खिडकीतून त्या खिडकीत जाऊन परत येतंय, असं दिसलं तर तुम्ही रांगेत आहात. बिघाड झाला म्हणून फिरतोय असं मनात येईल. मनात येऊ द्या आणि एका फेरीत किती कडवी होतात ते मोजायला लागा.

अंगाई मात्र इथे नको. उतरताना केबिनमधला हवेचा दाब वाढत जातो आणि कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करायला सतत गिळावं लागतं. झोपेत माणूस कमी गिळतो, आणि कान दुखूनच जागा होतो. जागं ठेवणारं गाणं घ्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकदा आवंढा गिळा, आणि गुणगुणताना जबडा सैल हलू द्या. त्या दिवशी जोराची सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. कानात घट्ट बसणारे इअरफोन या वेळी जरा सैल करा, कारण ते कानाच्या नळीत हवा कोंडतात आणि दडा वाढल्यासारखा वाटतो.

शेवटच्या काही मिनिटांत पंखांतून मोटर फिरल्यासारखा आवाज, मग चाकं बाहेर येताना मोठा धप्प आणि त्यानंतर वाऱ्याची घरघर, असा क्रम असतो. इंजिनांचा आवाज थोडा वर, थोडा खाली होत राहील. जमिनीला टेकल्यावर एकदम गर्जना होईल: तो वेग मोडण्याचा आवाज आहे.

क्वचित असं होतं की विमान अगदी खाली येतं आणि टेकण्याआधीच इंजिनं गरजतात, नाक वर होतं आणि ते पुन्हा चढू लागतं. धावपट्टीवर आधीचं विमान रेंगाळलेलं असतं, वारा बदललेला असतो, असं काहीतरी कारण असतं. पायलट याचा नेहमी सराव करतात. मग फिरून पुन्हा खाली यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. अशा वेळी शांत बसून राहू नका. लगेच टेक-ऑफचं गाणं लावा, कारण अंगाला जाणवणारं सगळं तेच असतं: पाठीवरचा दाब, चाकं आत गेल्याचा धप्प, आणि थोड्या वेळानं आवाजाची उतरण. शरीराला ते गाणं आणि तो क्रम एव्हाना माहीत झालेला असेल.

फोनबद्दल थोडंच सांगते. विमानात इंटरनेट मिळेल असं धरून चालू नका; तिन्ही याद्या फोनमध्ये उतरवून घ्या आणि आदल्या दिवशी घरीच एअरप्लेन मोड लावून त्या खरंच वाजतात का ते बघा. गाणी अशी निवडा की गायकाचा आवाज पुढे असेल आणि हळू-मोठा आवाज फार बदलत नसेल. इंजिनांची घरघर खर्जाची असते आणि साध्या इअरफोनवर ती तानपुरा, डग्गा, कुजबुजत्या जागा गिळून टाकते. मग आपण आवाज वाढवत जातो आणि पुढच्या ओळीला दचकतो. बाहेरचा आवाज कमी करणारे हेडफोन मिळाले तर संगीत हळू ठेवूनही ऐकू येतं. पण ते घरघर पुसतात, धप्प आणि टिंग पुसत नाहीत. हे आवाज उलट जास्त ठळक वाटतात. घरी ते लावून बघितल्याशिवाय नेऊ नका. सुरक्षेच्या सूचना चालू असताना कान मोकळे ठेवा. टेक-ऑफला इअरफोन काढायला सांगितलं तर काढा आणि तेच गाणं मनात सुरू करा. पाठ असलेलंच गाणं घ्या असं मी म्हणते, ते यासाठीही.

गाणं चालत नसेल तर ते ओळखता येतं. दर अर्ध्या मिनिटाला तुम्ही गाणं बदलताय, आवाज वाढवत चाललाय, किंवा मुखडा पुन्हा आला तरी मधलं कडवं ऐकल्याचं आठवतच नाही, तर मन गाण्यात नाही. दुसरं गाणं शोधत बसू नका. इअरफोन काढा आणि त्याच गाण्याचे शब्द ओठांवर आणा, अगदी हळू आवाजात, एक-एक अक्षर. तरीही छाती आवळली, हात थरथरले, तर क्रूला बोलवायचं बटण दाबा आणि सरळ सांगा, ‘मी पहिल्यांदा उडते आहे, मला फार भीती वाटते आहे.’ विमानात शिरतानाच सांगितलंत तर त्याहून चांगलं; मग हादरे आले की कुणीतरी तुमच्याकडे बघून जाईल. भीतीचा असा झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला पोचतो आणि मग ओसरू लागतो. गाणं तो झटका थांबवू शकत नाही, तो ओसरेपर्यंतचा वेळ पार करायला मदत करतं. झोप मात्र अशीच उडालेली राहिली, तर गाण्यांवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. झोपेची गोळी कुणाकडून मागून घेऊ नका.

आणि जागा निवडायला मिळाली तर पंखाजवळची, शक्य तर पंखाच्या किंचित पुढची घ्या. विमान तिथे सगळ्यात कमी हलतं. मागच्या रांगांपेक्षा इंजिनांचा आवाजही तिथे कमी असतो, म्हणजे गाणं कमी आवाजात ऐकू येईल.

तुमची,
ताई